डोळा, कान आणि धरलेला श्वास

माझे मामा तालुक्याच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहेत. जून आणि डिसेंबर असं वर्षातून दोनदा ते मुलांची उंची स्वतः मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. संध्याकाळी पोलीस भरतीच्या मुलांचा सराव घेतात, तिथेही उंचीची पट्टी त्यांच्याच हातात असते. माझी ताई शहरात मुलांच्या वाढीच्या तक्रारी पाहणाऱ्या एका दवाखान्यात मोजमापाचं काम करते. पोरांना पट्टीखाली उभं करणं हीच दोघांची रोजची विद्या, पण रीत वेगळी. परवाच्या डिसेंबरात मामांच्या शाळेतल्या आठ वर्षांच्या एका मुलीवरून दोघांची चांगलीच जुंपली. वाद नुसता मतांचा नव्हता, त्यात एका मुलीची वाढ खुंटतेय की नाही हा प्रश्न अडकला होता. म्हणून तो जसा झाला तसा मांडतो आहे.

मामा : मला एक सांग, तू त्या पोरीची मान धरून काय करत होतीस? उंची मोजायची की केस विंचरायचे? आम्ही सांगतो, भिंतीला टाचा लाव, पाठ लाव, डोकं टेकव, समोर बघ. झालं. पट्टी ठेवायची आणि आकडा वाचायचा.

ताई : तुमच्या त्या सांगण्यातलं ‘डोकं टेकव’ हेच आधी काढून टाका, मामा. टाचा, बैठक आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला लागले की पुरे. डोकं लागलं तर लागलं, नाही तर नाही. ज्याची पाठ वरच्या बाजूला थोडी गोलाकार आहे, त्याला डोकं टेकवायला लावलं की तो मान मागे टाकतो आणि हनुवटी वर जाते. तुम्हाला वाटतं पोरगा ताठ उभा राहिला, पण त्याचं डोकं तिरकं झालेलं असतं.

मामा : झालं तर झालं. डोकं तिरकं झालं म्हणून पाय लांब होतात का?

ताई : पाय होत नाहीत, पण पट्टीखाली येणारी जागा बदलते. हनुवटी वर गेली की पट्टी टाळूच्या पुढे, कपाळाच्या बाजूला टेकते. हनुवटी खाली गेली की ती मागच्या बाजूला टेकते. म्हणजे जूनमध्ये तुम्ही जमिनीपासून एका जागेपर्यंत मोजलं आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्याच जागेपर्यंत. वहीत मात्र दोन्ही आकड्यांवर ‘उंची’ असंच लिहिलेलं.

इथे मामा गप्प झाले आणि मला वाटतं ताईने नेमकी नस पकडली. आपण डोक्याला गोल समजतो, आणि गोल कसाही फिरवला तरी वरचा बिंदू तेवढ्याच उंचीवर राहतो. डोकं तसं नाही. ते पुढून मागे लांबट आहे, आणि मान त्याला बरोबर मधोमध धरत नाही. त्यात मान वाकते तीही एका सांध्यात नाही. कधी फक्त वरचा सांधा हलतो, कधी अख्खी मान पुढे येते. त्यामुळे तिरक्या डोक्याने उंची नेहमी कमीच येते किंवा नेहमी जास्तच येते, असा नियम बसवता येत नाही. चूक एकाच दिशेची असती तर नंतर आकडा सुधारता आला असता. ही चूक तशी सुधारता येत नाही.

मामा : बरं, मग सरळ समोर बघ म्हटलं की डोकं सरळ येतंच ना?

ताई : जवळपास येतं. पण ‘समोर बघ’ म्हटल्यावर प्रत्येकजण आपापल्या सवयीने डोकं धरतो. कुणाची हनुवटी स्वभावतःच जरा वर असते, कुणाची खाली. तोच मुलगा लाजला की मान खाली घालतो आणि फुशारकीत असला की वर करतो. म्हणून नजरेवर भिस्त ठेवायची नाही, हाडावर ठेवायची. इकडे या. डोळ्याखाली बोट ठेवा. खोबणीची खालची कडा लागते ना? आता कानाच्या भोकापुढचा तो मऊ उंचवटा चाचपा, आणि त्याच्या जरा वर जी खाच आहे तिथे बोट न्या. या दोन जागा जोडणारी रेघ जमिनीला समांतर आली पाहिजे. एवढंच.

मामा : डोळ्याच्या कोपऱ्यापासून धरली तर? कोपरा दिसतो तरी, हाड चाचपत कोण बसणार?

ताई : इथेच बहुतेक जण चुकतात. डोळ्याचा बाहेरचा कोपरा खोबणीच्या खालच्या कडेपेक्षा वर असतो. कोपऱ्यापासून कानापर्यंतची रेघ आपल्या रेघेशी साधारण ७ अंशांचा कोन करते. एक्स-रे काढणाऱ्यांना हा फरक पाठ असतो, कारण त्यांना दोन्ही रेषा लागतात. तुम्ही कोपऱ्याची रेघ आडवी केलीत की पोराची हनुवटी तेवढी खाली गेली म्हणून समजा.

या रेघेला फ्रँकफर्ट रेषा म्हणतात. तिची गोष्ट उंचीपासून सुरू होत नाही, कवट्यांपासून होते. एकोणिसाव्या शतकात युरोपातले मानवशास्त्रज्ञ कवट्या मोजत होते, पण प्रत्येकजण कवटी टेबलावर आपल्या पद्धतीने ठेवत होता. त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याच्या कामाचे नव्हते. १८८० च्या दशकात जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या बैठकीत ठरलं की कवटी अशी ठेवायची की डोळ्याच्या खोबणीची खालची कडा आणि कानाच्या छिद्राची वरची कडा एका आडव्या प्रतलात येतील. हीच रेघ निवडण्याचं कारण असं, की माणूस उभा राहून क्षितिजाकडे बघतो तेव्हा ती जवळजवळ आडवी असते. हाडावरच्या या खुणा पुढे जिवंत माणसावर आणल्या गेल्या. कानाच्या छिद्राची हाडाची कडा बाहेरून सापडत नाही, म्हणून तिच्याऐवजी ती वरची खाच घेतली. डोकं या रेघेत असलं की पट्टी ज्या जागेवर टेकते तिला टाळूचा सर्वांत उंच बिंदू म्हणायचं, असं ठरलं. म्हणजे हा बिंदू डोक्यावर कुठे कोरलेला नाही. डोकं कसं धरलंय यावर तो ठरतो, आणि म्हणून आधी डोकं धरायची रीत ठरवावी लागली. हे कळलं की रेघ ही शिस्तीची हौस वाटत नाही. ती नसेल तर आपण कुठपर्यंत मोजतोय हेच ठरत नाही.

मामा : पण पोराच्या कानाशी रेघ बघू की पट्टी बघू? मी एकटा, आणि वर्गात साठ पोरं.

ताई : एकट्याने होत नाही, हे मान्य. दोघं लागतात. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने पट्टी खाली आणून आकडा वाचायचा. डोकं धरणाऱ्याने पोराच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं आणि आपली नजर पोराच्या कानाच्या पातळीवर आणायची. लहान पोर असेल तर गुडघ्यावर बसायचं. शंका वाटली तर एक सपाट फूटपट्टी कानाच्या खाचेपासून डोळ्याखालच्या कडेपर्यंत आडवी धरायची आणि मागच्या खिडकीच्या चौकटीशी ताडून बघायची. चार दिवसांत डोळा बसतो, मग फूटपट्टी लागत नाही. आणि एक, मुलींच्या वेण्या, अंबाडा, क्लिप सोडायला लावा. पट्टी केसांवर तरंगता कामा नये, केस दाबून डोक्याला टेकली पाहिजे.

इथपर्यंत मामा ऐकत होते. कटकट आहे, पण समजण्यासारखी आहे, असा त्यांचा चेहरा होता. खरा वाद श्वासावर झाला.

मामा : डोक्याचं पटलं. पण श्वास? पोरीला मोठा श्वास घ्यायला लावलास, धरायला लावलास, वर कानामागे हात घालून उचललंस. याला आम्ही फुगवणं म्हणतो. भरतीला छाती मोजतात तेव्हा न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवून त्यावर ५ सेंटीमीटर, असे दोन आकडे वेगळे घेतात. उंचीला तसं काही नाही. माणूस जसा उभा राहतो तीच त्याची उंची.

ताई : माणूस कधी उभा राहतो तेव्हाची, मामा? सकाळी उठल्यावरची की संध्याकाळी थकलेल्या चेहऱ्याने उभा असतानाची? मणक्यांमधल्या चकत्यांमधलं पाणी दिवसभराच्या भाराने हळूहळू कमी होतं आणि रात्री आडवं झालं की परत भरतं. मोठ्या माणसाची उंची दिवसभरात एक-दोन सेंटीमीटर कमी होते, आणि त्यातला मोठा भाग उठल्यावरच्या पहिल्या तासा-दोन तासांतच जातो. त्यात उभं राहण्याची ढब आली. कंटाळलेलं पोर खांदे पाडून उभं राहतं, बक्षीस मिळणार असेल तर ताठ उभं राहतं. ‘जसा उभा राहतो तसा’ असं म्हटलं तर आकडा पोराच्या मूडवर जातो.

मामा : आणि श्वासाने हे सगळं जातं?

ताई : सगळं नाही, बरंचसं. श्वास घेतल्यावर हवेमुळे माणूस उंच होतो असं नाही. छातीच्या फासळ्या वर उचलल्या जातात आणि पाठीचा वरचा बाक जरा सरळ होतो, म्हणून उंची वाढते. माणूस जितका उंच होऊ शकतो तिथवर जातो. ती वरची मर्यादा दिवसभरात कमी हलते. खाली किती ढिलं व्हायचं याला मर्यादाच नाही. म्हणून आम्ही मोजतो ते वरच्या टोकाला. कानामागचं जे हाड आहे, त्याच्या खाली बोटं आणि तळवे जबड्याला, असं धरून हलका आधार वर द्यायचा. उचलायचं नाही, टाच जमिनीवरून सुटली तर आपण चुकलो. खेळाडूंची मोजमापं घेणारे हेच करतात, आणि इंग्लंडमध्ये टॅनर आणि व्हाइटहाऊस यांनी हार्पेंडनच्या बालगृहातल्या मुलांची वाढ वर्षानुवर्षं मोजली तीही अशाच पद्धतीने.

मामा : आणि ते हात? माझा हात जड, तुझा हलका. मी एक सेंटीमीटर ओढीन, तू अर्धा. मग चूक पोराकडून मोजणाऱ्याकडे आली, एवढंच.

ताईने हे मान्य केलं आणि मलाही ते पटलं. वर आधार देण्याची रीत शिकलेल्या हाताला मदत करते, नवख्या हाताला नाही. गावोगाव, घरोघर फिरून मोजायचं असेल तिथे जागतिक आरोग्य संघटनेची लहान मुलांसाठीची रीत साधी आहे. त्यात कानामागून आधार नाही. डोकं त्याच डोळा-कान रेघेत ठेवायचं आणि पोर पोट पुढे काढून उभं असेल तर पोटावर हलकेच हात दाबून त्याला सरळ करायचं. दोन वर्षांच्या पोराला ‘श्वास धर’ सांगून तो काय धरणार? आणि पाठीला पक्का बाक आलेल्या म्हाताऱ्या माणसाला श्वासाने सरळ करता येत नाही, त्याच्या मानेला वर ओढायचा तर विचारही करू नये. पद्धती बदलतात, पण त्या सगळ्यांत न बदलणारी गोष्ट डोळा-कान रेघ आहे.

ताई : श्वासाचा एक धोका मात्र सांगते. श्वास घे म्हटलं की नव्वद टक्के पोरं हनुवटी वर करतात आणि खांदे कानाला लावतात. तुम्ही आधी रेघ नीट बसवलेली असते आणि श्वासासरशी ती मोडते. म्हणून क्रम असा : आधी डोकं रेघेत, मग श्वास, मग पुन्हा रेघ बघायची, मग पट्टी, आणि श्वास सोडायच्या आत आकडा. दोन-तीन सेकंदांचं काम आहे. पोर लाल झालं म्हणजे तुम्ही फार वेळ लावलात. आणि एकदा वाचून झालं की त्याला पट्टीखालून बाहेर काढायचं, पुन्हा उभं करायचं, पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

मामा : माझ्या भरतीच्या पोरांना सांगतो मी. एकजण १६४.६ ला अडकलाय, लागतात १६५. पट्टीखाली गेला की तो हनुवटी आभाळाला लावतो.

ताई : आणि त्याचा फायदा होईल असं त्याला वाटतं. जास्त वर केली की टाळू मागे उतरते आणि हाती काही लागत नाही, उलट जातं. त्याला हनुवटी खाली आणायला सांगा, मान मागून लांब करायला सांगा, आणि सकाळच्या मोजणीला लांब प्रवास करून, रात्रभर बसून जाऊ नकोस म्हणावं. पण उगाच आशा लावू नका. तिथला आकडा तिथल्या माणसाच्या हातातला.

आता त्या मुलीकडे येतो. वाद सुरू झाला तो तिच्यामुळेच.

मामांच्या वहीत जूनची उंची १२१.६ सेंटीमीटर होती. डिसेंबरात त्यांनी मोजली तेव्हा १२३.२ आली. सहा महिन्यांत १.६, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने ३.२. या वयात मुलं वर्षाला ५-६ सेंटीमीटर वाढतात. ४ च्या खाली गेलं की बघावं लागतं. मुलगी वर्गात सर्वांत बुटकी नव्हती, वाढीच्या तक्त्यावर तिची जागा चांगली मधोमध होती, त्यामुळे घरात कुणालाच काही वाटलं नव्हतं. मामांना वाटलं, आणि त्यांनी वडिलांना ताईच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे ताईने तिच्या रीतीने मोजलं, डोकं रेघेत, श्वास धरून, कानामागे आधार देऊन : १२४.३. वडिलांनी लगेच वजाबाकी केली. १२४.३ मधून १२१.६ गेले की २.७. वर्षाला ५.४. म्हणजे सगळं ठीक, आणि मामांनी उगाच घाबरवलं.

मामा : मी तेव्हाच म्हणालो होतो, हा हिशेब खोटा आहे. जूनची उंची माझ्या भिंतीवरची, डिसेंबरची तुझ्या दवाखान्यातली. मधले काही मिलिमीटर वाढीचे आहेत आणि काही तुझ्या हातांचे.

ताई : आणि म्हणूनच मी तुम्हाला बोलावलं आणि त्याच सकाळी, त्याच पट्टीखाली, तुमच्या रीतीने मोजायला लावलं. डोकं टेकवून, श्वासाशिवाय. १२३.२ आलं. तुमची भिंत बरोबर आहे, मामा. मधले १.१ सेंटीमीटर पूर्णपणे पद्धतीचे होते. दोन पद्धतींचे आकडे एका वजाबाकीत बसवले असते, तर त्या १.१ ला आपण वाढ म्हणून मोकळे झालो असतो.

मामा : मग माझी रीत वाईट नाही.

ताई : तुमची रीत ढिली आहे, पण तुम्ही ती बदलत नाही. म्हणून तुमच्या वहीतून मंद वाढ दिसली. पण ढिल्या रीतीत कधी हनुवटीचे पाच मिलिमीटर शिरतात, कधी पाडलेल्या खांद्यांचे. सहा महिन्यांची वाढच जिथे अडीच-तीन सेंटीमीटर असते तिथे एवढ्या चुकीने निर्णय फिरतो. तुमच्या दोन्ही मोजण्यांत ती चूक किती होती हे आज कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून मी वडिलांना सांगितलं की आजचा १२४.३ हा पहिला आकडा धरायचा. जुने आकडे त्याच्याशी जोडायचे नाहीत. सहा महिन्यांनी त्याच वेळेला, सकाळी, माझ्याच हाताने मोजायचं.

वडिलांना हे सहा महिने जड गेले असणार. पण ताईचा निर्णय बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. तीन महिन्यांनीच बोलावलं असतं तर वाढ सव्वा सेंटीमीटरची आणि मोजणीतली शंका अर्ध्या सेंटीमीटरची, असा प्रकार झाला असता. मुलीत दुसरं कुठलं लक्षण नव्हतं, वजन नीट होतं, म्हणून थांबणं शक्य होतं. तसं नसतं तर ताईच्या डॉक्टरांनी उंचीची वाट बघितलीच नसती.

यंदाच्या जूनमध्ये ती सकाळी आली. तीच पट्टी, तेच हात. दोनदा मोजलं, १२५.८ आणि १२५.९. पहिल्या आकड्याशी लावलं तर सहा महिन्यांत दीड सेंटीमीटर. त्याच आठवड्यात मामांनी शाळेत आपल्या रीतीने मोजली होती, ती १२४.८. त्यांच्या जून ते जून हिशेबाने वर्षाला ३.२. दोन वेगवेगळ्या पद्धती, प्रत्येक आपल्याशीच ताडलेली, आणि दोन्ही एकच सांगत होत्या. डॉक्टरांनी डाव्या मनगटाचा एक्स-रे आणि थायरॉईडची तपासणी लिहून दिली.

मामांनी मात्र या वेळी वहीत एक रकाना वाढवला आहे. आकड्यापुढे ‘टे.’ किंवा ‘रे.’ असं लिहितात, टेकवून की रेघेत. या डिसेंबरपासून सगळी शाळा रेघेत आणि श्वास धरून मोजायची, पण पहिल्या वेळी प्रत्येक मूल दोन्ही रीतींनी, म्हणजे जुनी वही फुकट जाणार नाही. वर्गावर्गातल्या साठ-साठ मुलांना दोनदा मोजायला वेळ कुठून आणणार, असं मी विचारलं. नववीतल्या दोन मुली आकडे लिहायला आणि एक शिक्षिका बाजूला बसून कान-डोळा बघायला तयार झाल्या आहेत, असं ते म्हणाले, आणि ताईकडे वळून विचारू लागले की चष्मा लावलेल्या पोराचा चष्मा काढायचा की ठेवायचा. काढायचा, ती म्हणाली, नाही तर डोळ्याखालची कडा दिसत नाही.